सीजीपीए, ग्रेड आणि टक्के एका मापावर आणणे: रेझ्युमे चाळण्याआधीचं काम

कुपवाड एमआयडीसीत मनुष्यबळ विभागात काम करताना दरवर्षी जून-जुलैत माझ्या टेबलावर दीड-दोनशे रेझ्युमे येतात. त्यात सांगली-मिरजेची मुलं असतात, कराड-साताऱ्याची असतात, पुण्या-मुंबईत शिकून घराकडे परत येऊ पाहणारी असतात आणि अधूनमधून हैदराबाद-बेळगावकडचीही. आजूबाजूच्या कारखान्यांतली ओळखीची मंडळी आपापली एक्सेल शीट मला तपासायला पाठवतात. दहातल्या आठ शीटमध्ये एकच चूक दिसते: सगळ्यांच्या सीजीपीएला ९.५ ने गुणलेलं असतं. म्हणून हा लेख. उदाहरण इंजिनिअर ट्रेनीच्या भरतीचं घेतलंय, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. बी.कॉम., बी.एस्सी. किंवा डिप्लोमासाठी पायऱ्या त्याच राहतात, फक्त सूत्रं बदलतात.

## आधी एवढं लक्षात घ्या: ९.५ आला कुठून

हा आकडा सीबीएसईच्या दहावीचा आहे. २०१७ पर्यंत काही वर्षं सीबीएसई दहावीला गुणांऐवजी ग्रेड आणि दहापैकी सीजीपीए देत असे आणि टक्के काढायला ९.५ ने गुणा असं बोर्डानंच सांगितलं होतं. ते सूत्र त्या परीक्षेपुरतं होतं. पण इंटरनेटवर तेच सगळ्यात आधी सापडतं, त्यामुळे बी.ई. झालेला मुलगाही स्वतःच्या पदवीला तेच लावून रेझ्युमेत टक्के टाकतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला दुसरं सूत्र माहीतच नसतं. दिल्ली विद्यापीठासारख्या काही ठिकाणी पदवीलाही ९.५ चालतो, पण सगळीकडे नाही.

फरक किती पडतो बघा. समजा चार मुलांचा सीजीपीए तंतोतंत ७.८ आहे. एकाच्या विद्यापीठाचं सूत्र दहानं गुणा असं आहे, त्याचे झाले ७८ टक्के. दुसऱ्याला ९.५ लागू, त्याचे ७४.१. तिसरा हैदराबादच्या जेएनटीयूचा, तिथे ०.५ वजा करून दहानं गुणतात, त्याचे ७३. चौथ्याच्या कॉलेजनं एआयसीटीईचा तक्ता स्वीकारलाय, म्हणजे ०.७५ वजा करून दहानं गुणायचं, त्याचे ७०.५. आकडा एकच, आणि टक्क्यांत साडेसातचा फरक.

हा फरक कुणाच्या लहरीतून आलेला नाही. यूजीसीनं दहा पॉइंटची ग्रेड पद्धत सुचवली, 'ओ'ला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८ अशी. पण कोणत्या ग्रेडला किती गुण हवेत, हे विद्यापीठांनी आपापलं ठरवलं. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम., बी.एस्सी.च्या दहा पॉइंटच्या जुन्या पद्धतीत ६० ते ७० च्या दरम्यान गुण पडले की 'ए' आणि ८ पॉइंट मिळत. जेएनटीयूत ८ पॉइंटसाठी किमान ७० लागतात. पेपरात ६५ गुण मिळवलेला मुलगा एका गावी ८ वर आणि दुसऱ्या गावी ७ वर. त्यामुळे सूत्रही जिथलं तिथलंच लावायचं.

## पायरी १: कागद गोळा करा, रेझ्युमेतला आकडा नव्हे

रेझ्युमेत लिहिलेले टक्के हा उमेदवाराचा दावा असतो. आपल्याला मूळ आकडा हवा. म्हणून अर्ज मागवतानाच तीन गोष्टी मागा: शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका किंवा एकत्रित ट्रान्सक्रिप्ट, त्याची मागची बाजू, आणि दहावी-बारावी किंवा डिप्लोमाची गुणपत्रिका. मागची बाजू मी मुद्दाम वेगळी लिहिली. बऱ्याच विद्यापीठांच्या ग्रेडकार्डवर रूपांतराचं सूत्र मागेच बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि मुलं फक्त पुढची बाजू स्कॅन करून पाठवतात.

कागद आला की आधी ही तपासणी करा:

- सीजीपीए कितीपैकी आहे? बहुतेक ठिकाणी १० पैकी असतो, पण मुंबई विद्यापीठात काही वर्षं ७ पॉइंटची पद्धत होती. ५.६ दिसलं की लगेच 'कमी' म्हणू नका, सातपैकी असेल तर तो चांगला आकडा आहे.
- तो सीजीपीएच आहे, की शेवटच्या सेमिस्टरचा एसजीपीए? शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो, गुण सढळ हातानं पडतात. तोच आकडा रेझ्युमेत ठळक येतो.
- सीईटीचा आकडा टक्क्यांच्या रकान्यात शिरलाय का? एमएचटी-सीईटीचा ९२ हा पर्सेंटाइल असतो. त्याचा टक्क्यांशी काही संबंध नाही, तो रकाना शीटमध्ये ठेवूच नका.

## पायरी २: कोणाचे नियम लागू, ते ठरवा

इथे आपल्या भागातली एक खास गफलत होते. सांगलीच्या वालचंदसारखं स्वायत्त कॉलेज घ्या. पदवी प्रमाणपत्रावर नाव शिवाजी विद्यापीठाचं येतं, पण परीक्षा कॉलेज घेतं आणि ग्रेडचे नियमही कॉलेजचे. त्याच गावातलं दुसरं कॉलेज विद्यापीठाला साधं संलग्न असेल, तर त्याला विद्यापीठाचे नियम. आणि तिसरं कॉलेज लोणेऱ्याच्या बाटू विद्यापीठाशी संलग्न असेल तर त्याचं सगळंच वेगळं. तिन्ही मुलं सांगलीचीच, रेझ्युमेवर पत्ताही शेजारशेजारचा, पण शीटमध्ये तीन वेगळ्या ओळी.

म्हणून शीटमध्ये 'विद्यापीठ' हा एक रकाना पुरत नाही. 'ग्रेड कोण देतं' आणि 'कोणत्या वर्षाचा पॅटर्न' असे दोन रकाने करा. पॅटर्न का? कारण एकाच विद्यापीठात अभ्यासक्रम बदलला की सूत्रही बदलू शकतं. मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ एकाच कॉलेजचे असले तरी दोघांना एकच सूत्र लागेल असं धरून चालू नका.

सावधान: 'कोल्हापूर युनिव्हर्सिटी आहे ना, मग सगळ्यांना तेच लावा' असं कुणी साहेब घाईत म्हणाले तरी लावू नका.

## पायरी ३: सूत्रांचा वेगळा तक्ता करा

माझा हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो, पण एकदा केला की पुढची दोन-तीन वर्षं निभावतो. एक्सेलच्या वेगळ्या शीटवर प्रत्येक संस्थेची आणि पॅटर्नची एक ओळ. बहुतेक सूत्रं एकाच साच्यात बसतात: सीजीपीएला एका आकड्यानं गुणायचं आणि मग एक आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा. त्यामुळे दोनच आकडे लिहायचे, गुणक आणि भर.

दिल्ली विद्यापीठ: गुणक ९.५, भर शून्य. जेएनटीयू हैदराबाद: ०.५ वजा करून दहानं गुणायचं म्हणजेच दहानं गुणून ५ वजा करायचे, म्हणून गुणक १०, भर उणे ५. एआयसीटीईचा तक्ता: गुणक १०, भर उणे ७.५. हा तक्ता पडताळायला सोपा आहे. त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५ असं दिलेलं आहे. आपल्या सूत्रातून हेच आकडे निघाले पाहिजेत. मुंबईच्या इंजिनिअरिंगचं सूत्र नुसत्या गुणाकाराचं नाही, गुणक दहापेक्षा बराच कमी आणि वर एक ठरावीक आकडा मिळवायचा असतो. तो उमेदवाराच्या पॅटर्नच्या कागदावरून घ्या, पाठ असला तरी.

ज्यांच्याकडे थेट गुण आहेत, म्हणजे बोर्डाचे किंवा जुन्या टक्केवारी पद्धतीचे, त्यांना गुणक म्हणजे १०० भागिले एकूण गुण आणि भर शून्य. मग मुख्य शीटमध्ये सगळ्यांना एकच सूत्र चालतं. डी रकान्यात मूळ आकडा, एफमध्ये गुणक, जीमध्ये भर:

```
=IF(D2="","",ROUND(D2*F2+G2,2))
```

शेवटी एक रकाना 'पुरावा' म्हणून ठेवा. त्यात 'ग्रेडकार्ड मागची बाजू', 'विद्यापीठाचं परिपत्रक' किंवा 'अंदाज' यांपैकी एक लिहा. 'अंदाज' असेल ती ओळ पिवळी करा. पिवळ्या ओळीतल्या उमेदवाराला त्या आकड्यावरून नाकारायचं नाही, हा नियम मी एका चुकीनंतर केला. ती चूक पुढे सांगते.

## पायरी ४: सीजीपीए नसेल तर तो नीट काढा

बऱ्याच मुलांकडे एकत्रित सीजीपीए छापलेला नसतो, फक्त सेमिस्टरचे एसजीपीए असतात. ते सगळे बेरजेला घेऊन भागिले आठ, असं करू नका. प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट वेगळे असतात. एसजीपीए गुणिले त्या सेमिस्टरचे क्रेडिट, त्यांची बेरीज, आणि भागिले एकूण क्रेडिट.

दोनच सेमिस्टरचं उदाहरण घेऊ. सातव्या सेमिस्टरला २२ क्रेडिट आणि एसजीपीए ६.४. आठव्याला इंटर्नशिप-प्रोजेक्ट मिळून १४ क्रेडिट आणि एसजीपीए ९.२. साधी सरासरी ७.८ येते. क्रेडिट धरून केलं तर ६.४ गुणिले २२ म्हणजे १४०.८, ९.२ गुणिले १४ म्हणजे १२८.८, बेरीज २६९.६, भागिले ३६. उत्तर ७.४९. टक्क्यांत जवळजवळ तीनचा फरक, आणि तो नेहमी प्रोजेक्टच्या बाजूनं झुकलेला.

```
=SUMPRODUCT(B2:B9,C2:C9)/SUM(C2:C9)
```

बी रकान्यात एसजीपीए, सीमध्ये क्रेडिट.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांचं वेगळं लक्षात ठेवा. त्यांचा सीजीपीए सहा सेमिस्टरचा असतो, पहिल्या वर्षाचा त्यात नसतो. रिकाम्या दोन सेमिस्टरच्या जागी कुणीतरी शून्य भरलं आणि सरासरी घेतली, की चांगला मुलगा नापासाच्या रांगेत जातो. आमच्याकडच्या एका नव्या मुलानं असं केलं होतं. ७.२ चा सीजीपीए ५.४ झाला होता. ते खाने, क्रेडिटचेही, कोरे ठेवा, शून्य नाही. आणि त्यांच्या पदवीआधीच्या रकान्यात बारावी नसते म्हणून गुण कापू नका, तिथे डिप्लोमाचे टक्के येतात. डिप्लोमाचे टक्के तिन्ही वर्षांचे आहेत की फक्त शेवटच्या वर्षाचे, हे मात्र गुणपत्रिकेवर बघून घ्या.

## पायरी ५: दहावी-बारावी, थोडक्यात

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला सहा विषय, पण टक्के 'बेस्ट ऑफ फाइव्ह'वर, म्हणजे ५०० पैकी. मुलगा स्वतः ६०० पैकी काढून लिहितो तेव्हा दोन-तीन टक्के कमी लिहितो. सगळ्यांचं बोर्डाच्या पद्धतीनंच घ्या. चित्रकला, खेळ, लोककला यांचे वाढीव गुण त्यात मिळालेले असू शकतात.

बारावीला एकूण गुण ६०० आहेत की ६५०, ते छापील पत्रिकेवर बघा. पर्यावरणाचे ५० गुण धरले जात होते तेव्हाच्या बॅचेसचे एकूण ६५० असायचे. शिवाय 'पीसीएम ८१ टक्के' असं लिहिलेलं असेल तर ते तीनच विषयांचं आहे, बारावीचे टक्के नव्हेत.

सीबीएसईच्या २०१७ पर्यंतच्या दहावीला ९.५ इथे मात्र बिनधास्त वापरा. त्याचा एक परिणाम ध्यानात ठेवा: दहापैकी दहा मिळवलेला मुलगाही ९५ च्या वर जात नाही. आणि राज्य बोर्डाचा मुलगा वाढीव गुण धरून शंभराला टेकू शकतो. ९५ आणि ९८ शेजारी ठेवून दुसरा हुशार असं म्हणणं चुकीचं.

२०२१ ची गोष्ट वेगळी. त्या वर्षी परीक्षाच झाल्या नाहीत. राज्य बोर्डाचा बारावीचा निकाल दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून लागला, आणि तो ९९.६३ टक्के होता. या बॅचच्या बारावीच्या आकड्याचं कितीही अचूक रूपांतर केलं तरी त्यावर उमेदवारांत क्रम लावू नये, असं माझं मत. मी त्या ओळींत बारावी फक्त 'उत्तीर्ण' लिहिते.

## पायरी ६: अटीच्या रेषेवर तपासा

समजा जाहिरातीत 'पदवीला किमान ६० टक्के किंवा समतुल्य' आहे. सगळ्यांचं सूत्र सापडेपर्यंत थांबायची गरज नाही. दहापैकी सीजीपीए असेल आणि सूत्र माहीत नसेल, तर दोन टोकांनी काढा: एकदा दहानं गुणून, एकदा ०.७५ वजा करून. दोन्ही उत्तरं ६० च्या वर असतील तर उमेदवार आत. दोन्ही खाली असतील तर आत्तापुरता बाजूला ठेवा. म्हणजे ६.७५ किंवा जास्त असेल तर बहुधा वाद नाही, ६ च्या खाली असेल तरी नाही. मधल्या, ६ ते ६.७५ वाल्यांनाच फोन करून ट्रान्सक्रिप्टची मागची बाजू किंवा विद्यापीठाचं रूपांतर प्रमाणपत्र मागायचं. दीडशे अर्जांत असे पंधरा-वीस निघतात, एका दुपारचं काम.

सावधान: ही युक्ती वर आकडा मिळवणाऱ्या सूत्रांना लागू नाही. मुंबईसारख्या पद्धतीत उत्तर ०.७५ वाल्या उत्तराच्याही खाली जाऊ शकतं, किंवा कमी सीजीपीएला वरही. तिथे खरं सूत्र हातात आल्याशिवाय निर्णय नाही.

५९.६ ला ६० म्हणायचं की नाही, हे अर्ज उघडण्याआधी ठरवून जाहिरातीच्या फाइलवर लिहून ठेवा. नंतर ठरवलं की कुणाच्या तरी पाहुण्यासाठी ठरवल्यासारखं दिसतं, आणि बऱ्याचदा तसं असतंही. आणि आकडा मध्येच गोल करू नका. ६.७२ ला ६.७ केलं की रूपांतरात ०.२ टक्के तिथेच जातात. गोल करायचं ते शेवटी एकदाच.

## चार उमेदवार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

गुणवत्ता विभागाच्या एका ट्रेनी जागेसाठी आलेले चार अर्ज, ओळख पुसून. अट ६० टक्क्यांची.

पहिला मिरजेचा, स्वायत्त कॉलेजचा, सीजीपीए ६.८२. रेझ्युमेत ६४.७९ टक्के. हा आकडा बघितल्या बघितल्या कळतं की ९.५ ने गुणलंय. ग्रेडकार्डमागे ०.७५ वजा करायचं सूत्र. खरे टक्के ६०.७.

दुसरी कराडची, सीजीपीए ६.३. तिच्या ट्रान्सक्रिप्टवर दहानं गुणा असं छापलेलं. ६३ टक्के.

तिसरा हैदराबादेत शिकलेला सांगोल्याकडचा मुलगा, जेएनटीयू, सीजीपीए ६.४८. ०.५ वजा, दहानं गुणून ५९.८. रेझ्युमेत मात्र ६१.५६, पुन्हा तेच ९.५.

चौथा जुन्या टक्केवारी पद्धतीचा, दहा वर्षांचा अनुभव असूनही आमच्याकडे यायला तयार झालेला. ६,००० पैकी ३,६८४ गुण, म्हणजे ६१.४.

नुसता सीजीपीए बघितला तर क्रम लागतो मिरज, हैदराबाद, कराड, आणि चौथ्याला कुठे बसवायचं तेच कळत नाही. सगळ्यांना ९.५ लावलं तर कराडची मुलगी ५९.८५ वर येऊन बाहेर पडते आणि हैदराबादचा आत येतो. नीट रूपांतर केलं तर कराड ६३, चौथा ६१.४, मिरज ६०.७ आणि हैदराबाद ५९.८. शेवटची मुलगी पहिली येते.

माझी चूक हीच. पहिल्या वर्षी मी हुशारी करून सगळ्यांना ९.५ ऐवजी ०.७५ वालं सूत्र लावलं होतं, 'एआयसीटीईचं आहे, चुकणार कसं' म्हणून. कराडसारख्याच एका मुलीचे त्यात ५५.५ निघाले आणि तिला आम्ही बोलावलंच नाही. महिन्याभरानं तिच्या वडिलांनी ट्रान्सक्रिप्टची झेरॉक्स घेऊन गेटवर येऊन शांतपणे विचारलं, "मॅडम, मागची बाजू बघितली का?" तोवर जागा भरली होती.

## पायरी ७: शीट पुढे देताना

विभागप्रमुखाकडे शीट जाते तेव्हा मूळ सीजीपीएचा रकाना लपवा, नाहीतर नजर आधी ७.८ वर जाते आणि रूपांतरित आकडा कुणी बघत नाही. एक नमुना मात्र स्वतः पडताळा: कोणत्याही पाच ओळी घेऊन कागदावर हातानं गणित करा. कुठलाही आकडा १०० च्या वर किंवा ३५ च्या खाली निघाला, तर बहुतेक वेळा सातपैकीचा सीजीपीए दहाच्या सूत्रात गेलेला असतो किंवा टक्क्यांच्या रकान्याला पुन्हा गुणलेलं असतं.

दशांशावरून क्रम लावू नका. सूत्रानं माप एक झालं, पण पेपर किती अवघड होता आणि तपासणाऱ्याचा हात किती सैल होता, हे त्यात येत नाही. मी पाच-पाच टक्क्यांचे गट करते: ६० ते ६५, ६५ ते ७०, असे. एका गटातले सगळे सारखे, पुढचं लेखी चाचणीवर. आमच्या चाचणीत व्हर्निअर वाचायला देतो, आणि ७२ टक्केवाल्यापेक्षा ६१ वाला बरोबर वाचतो हे मी कितीदा तरी बघितलंय.

शीटच्या खाली सूत्रांचा तक्ता, त्याची तारीख आणि ज्या कागदावरून सूत्र घेतलं त्याचा फोटो जोडून ठेवा. नाकारलेल्या उमेदवाराचा फोन आला की तो फोटो उघडा आणि गणित त्याला वाचून दाखवा. गणित चुकलं असेल तर तो तिथल्या तिथे सांगेल.